भिंतीकडं तोंड करून

केरबाला जोतिबाचा घोडा तोंडपाठ झाला होता. पेंडीच्या दुकानातून दरवर्षी फुकट मिळणारं कॅलेंडर त्यानं आईच्या खाटेसमोरच्या भिंतीला टांगलं होतं. त्यावर घोड्यावर बसलेला जोतिबा. लगामाला गोंडे किती, खोगिराची किनार कुठल्या रंगाची, घोड्याचा कुठला पाय वर, हे तो झोपेतही सांगू शकला असता. कारण आईचं डायपर बदलताना तो तिकडंच बघायचा. हात आईच्या अंगावर, नजर जोतिबावर. आणि आईनं तोवर पदर तोंडावर ओढून घेतलेला असायचा.

हसू नका. पन्नाशी उलटलेल्या गड्यानं आपल्या म्हाताऱ्या आईला त्या जागी धुवायचं म्हणजे काय असतं, हे ज्याच्यावर आलं नाही त्यानं शहाणपणा करू नये. केरबावर आलं होतं.

कोल्हापुरात गवळी गल्लीत त्याचं घर. पुढं दोन खोल्या, मागं परडं आणि परड्यात गोठा, गोठ्यात पाच म्हशी. सकाळ-संध्याकाळ त्यातल्या दोन दूधकट्ट्यावर न्यायच्या, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढायची आणि फेसासकट पेला हातात द्यायचा. बापाचा धंदा त्यानं तसाच चालवला होता. बायको आजारपणात गेली, पोरगा पुण्याला कंपनीत. घरात उरली मायलेकरं. म्हातारी बयाबाई ऐंशीच्या पुढं गेलेली, पण शेणाची पाटी डोक्यावर घेऊन चालायची. दिवाळीच्या आधी ती गोठ्यातच घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. हृदय इतकं अशक्त की ऑपरेशनची भूल सोसणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. म्हातारी खाटेला लागली ती लागलीच.

सुरुवातीला एक बाई कामाला ठेवली होती. ती चांगली होती, पण लेकीच्या बाळंतपणाला चंदगडला गेली आणि तिकडंच राहिली. मग मुरगूडहून बहीण आली, शालन. तिनं काही दिवस काढले, पण तिचंही घर होतं, सासरा होता, जनावरं होती. जाताना ती केरबाला म्हणाली, "दादा, दुसरी बाई बघ लवकर. तुला न्हाय जमायचं ह्ये."

बाई काही मिळाली नाही. केरबानं गल्लीत विचारलं, कट्ट्यावर विचारलं. म्हशीचं करायला माणूस मिळत होता, म्हातारीचं करायला नाही. शेवटी एका सकाळी धारा काढून तो आईच्या खोलीत आला. वासानंच त्याला कळलं. तो उंबऱ्यातच उभा राहिला.

"आये, बदलू दे मला."

"हात लावू नगंस," बयाबाई म्हणाली. "मी मेलो तरी चालंल."

दुपारपर्यंत दोघंही हटून बसली. दुपारनंतर आईनं पदर तोंडावर ओढला, आणि केरबानं भिंतीकडं मान वळवली. करार कुणी केला नाही, पण झाला. तू बघायचं नाहीस, मी दिसायचं नाही.

तेव्हापासून तसंच चाललं होतं. केरबा मनापासून करायचा, हे आधीच सांगतो. सकाळी आणि संध्याकाळी, दोन्ही धारांनंतर. कढत पाण्यात डेटॉल टाकायचा, साबण लावायचा आणि पंचानं खसाखसा पुसून काढायचा. दुधाची किटली तो अशीच धुवायचा. आतून बोट फिरवल्यावर करकर वाजली तरच किटली स्वच्छ, हे बापानं शिकवलेलं. किटलीत इवलंसं काही राहिलं तर दूध नासतं आणि कट्ट्यावर नाक कापलं जातं. त्यामुळं आईच्या बाबतीत त्यानं दुप्पट कसून पुसलं. मग मूठमूठ पावडर मारायची. गादी भिजू नये म्हणून डायपरच्या आत जुन्या लुगड्याची घडीही घालायची. न बघता हात जेवढं करू शकतात तेवढं सगळं त्यानं केलं.

आई कधी हूं की चूं करायची नाही. फक्त पंचा लागला की खाटेची पट्टी घट्ट धरायची. केरबाला वाटायचं, लाज.

"दुखतंय काय गं?"

"न्हाय."

हळूहळू तिनं चहा सोडला. मग पाणीही ओठ ओले करण्यापुरतं. केरबा पेला पुढं करायचा, ती मान फिरवायची. कमी प्यायलं की कमी होईल, म्हणजे पोराला कमी करावं लागेल, असा तिचा हिशेब होता. थोडी झालेली लघवी चहाच्या अर्कासारखी गडद आणि जास्तच झोंबणारी असते, हे तिला कोण सांगणार? आणि तिला झोंबतंय, हे केरबाला कोण सांगणार?

सांगितलं ते पंचानं. संक्रांत जवळ आली होती. नेहमीसारखं पुसून झाल्यावर पंचा बादलीत टाकताना केरबाची नजर त्याच्यावर गेली. पंचावर रक्त होतं, फिकट, पसरलेलं. आतून काहीतरी फुटलंय, मूळव्याध आहे का आतड्याचं काही, असलं नाही नाही ते त्याच्या मनात आलं. तरीही त्यानं वळून बघितलं नाही. त्यानं डॉक्टरांना फोन लावला. ते बाहेरगावी होते. त्यांनी दवाखान्यातल्या, घरी जाऊन रुग्णांचं करणाऱ्या सिस्टरला पाठवतो म्हणून सांगितलं.

नजीरा सिस्टर दुपारी आली. चाळिशीची, घाईतली बाई. गाडी दारात लावतानाच तिला दुसऱ्या घरून फोन येत होते. खोलीत आल्या आल्या तिनं खिडकी उघडली, दिवा लावला आणि खाटेजवळ वाकून म्हणाली, "आजी, मी नजीरा. जरा बघते हां. दुखलं तर सांगायचं, आवरून धरायचं न्हाय."

केरबा बाहेर जायला निघाला.

"मामा, कुठं निघालासा? थांबा की. तुम्हीच करता न्हवं?"

केरबा थांबला आणि जोतिबाकडं बघू लागला.

मागं नजीरानं जीभ टाळ्याला लावून बारीकसा च्च केला. "तुम्ही बघितलंय काय ह्ये?"

"न्हाय."

"कधीच?"

"आई हाय ती, सिस्टर."

"म्हणूनच म्हणते. इकडं बघा."

पदराखालून म्हातारीचा आवाज आला. इतक्या दिवसांत एवढ्या जोरात ती बोलली नव्हती. "त्येनं बघायचं न्हाय!"

नजीराचा फोन पुन्हा वाजला, तो तिनं बंद करून पिशवीत टाकला आणि खाटेच्या कडेवर टेकली. "आजी, मी रोज येऊ शकत न्हाय. दोनच्या जागी पाच-सहा वेळा करावं लागणार ह्ये. करणारा त्योच हाय. न बघता त्यो करतोय म्हणून तर कातडं सोललंय तुमचं."

पदराआडून हळू आवाज आला. "मी जाणार हाय गं. आज न्हाय तर उद्या. मागं ह्येला काय आठवंल? आई म्हटलं की ह्येच आठवंल का न्हाय? ह्या घाणीतलं?"

केरबानं ते ऐकलं. इतके दिवस तो समजत होता की आईला लाज वाटते. लाज होतीच. पण त्या पदराआड ती त्याच्यासाठी काहीतरी राखून ठेवत होती, स्वतःची कातडी जाळून घेऊन. तो गर्रकन वळला.

त्यानं बघितलं.

मांड्यांचा आतला भाग, जांघा आणि खाली मागपर्यंत, जिथं जिथं डायपर लागत होतं तिथं सगळं लालभडक होतं, ओलं आणि चकाकणारं. जांघेच्या घडीत त्याचीच पावडर ओली होऊन कणकेसारखी गोळ्यागोळ्यांनी बसली होती, आणि तिच्याखाली कातडी फाटली होती. दोन ठिकाणी वरची साल निघून रक्त पाझरत होतं. लाल भागाच्या कडेला बारीक बारीक पुटकुळ्या पसरल्या होत्या. आईच्या अंगावर एवढं होतं आणि ती रोज दोनदा म्हणायची, न्हाय.

"ह्ये आतलं काय न्हाय," नजीरा म्हणाली. "रक्त कातड्याचंच हाय. हाडावर दाब पडून जखम हुती तसलंबी न्हाय, ती कंबरंच्या हाडावर व्हायला लागती, तिथं अजून चांगलं हाय. ह्ये ओलाव्यानं झालंय. लई वेळ भांडी घासल्यावर बोटं कशी सुरकुत्या पडून मऊ हुत्यात? तसं कातडं भिजतंय. त्यात लघवी-संडास लागून झोंबतंय. आन भिजल्या कातड्यावर तुम्ही साबण, डेटॉल, कढत पाणी आन वरनं पंचा." तिनं पंचा हातात घेऊन चुरगाळून बघितला. "ह्येनं तर म्हसरू पुसत्यात."

"न्हाय," केरबा म्हणाला. "म्हसरू न्हाय पुसत मी ह्येनं."

खरंच पुसत नव्हता. चंद्री म्हशीचे सड थंडीत फुटले होते. तिला तो कोमट पाण्यानं धुवायचा, मऊ जुन्या धोतरानं नुसतं दाबून टिपायचा आणि बोटानं लोणी लावायचा. एका नव्या गड्यानं तिचे सड रगडून पुसले म्हणून त्यानं गड्याला गोठ्याबाहेर काढलं होतं. त्या मुक्या जनावराकडं तो डोळे उघडे ठेवून बघत होता, म्हणून त्याचं दुखणं त्याला दिसलं होतं.

नजीरानं करून दाखवलं. कोमट पाणी, साबण नाही, डेटॉल तर अजिबात नाही. मऊ सुती कापड पाण्यात भिजवून पुढून मागं अलगद फिरवायचं, मागून पुढं कधीच नाही. घडीत अडकलेली पावडर खरवडून काढायची नाही, ओलं कापड वर ठेवून भिजू द्यायची, मग आपोआप सुटते. नंतर कोरड्या कापडानं टिपायचं. "टिपायचं. घासायचं न्हाय. दाबायचं, उचलायचं." जांघेची घडी हळूच उघडून आतही टिपायचं. मग खाली शोषून घेणारी चादर टाकून थोडा वेळ उघडंच ठेवायचं, वारं लागू द्यायचं. पावडर बंद. लुगड्याची घडी बंद, कारण ओल त्या घडीतच धरून राहते आणि डायपरपर्यंत पोचतच नाही. दर दोन-तीन तासांनी हात घालून बघायचं. ओलं असलं तर बदलायचं, संडास झाली तर त्याच क्षणी. कूसही बदलायची, मोडक्या खुब्यावर भार न देता, चादरीनं ओढून, गुडघ्यांच्या मध्ये उशी देऊन. आणि पाणी प्यायचं.

पुटकुळ्यांचं तिनं डॉक्टरांना फोनवर सांगितलं. ती बुरशी असावी, असं म्हणून डॉक्टरांनी त्याचं मलम सांगितलं. दुसऱ्या दिवशी स्वतः येऊन बघितल्यावर तेही तेच म्हणाले. आधी ते मलम पातळ लावायचं, ते मुरलं की वरून झिंकचं पांढरं मलम, म्हणजे ओल कातडीपर्यंत पोचत नाही.

नजीरा गेली. केरबा गोठ्यात गेला आणि चंद्रीच्या पाठीवर डोकं टेकून पोरासारखा रडला.

त्या संध्याकाळी त्यानं खुंटीवरचं कॅलेंडर काढून दुसऱ्या खोलीत लावलं. कोमट पाण्याची पातेली घेऊन खाटेजवळ बसला. आईनं पदर ओढला.

"आये, मी बघणार हाय."

त्यानं दिवा लावला.

"मागं मला काय आठवायचं ते माझं मी बघतो. आत्ता तुला दुखतंय त्ये बघू दे."

त्यानं कापड भिजवलं. त्यानं कापड ठेवलं, वाट बघितली, अलगद उचललं. मग टिपलं. खाटेची पट्टी धरलेला आईचा हात तो आता बघत होता. तो हात आवळला की केरबा थांबायचा, सैल पडला की पुढं जायचा.

पुढचे दिवस कट्ट्यावर त्याच्या नावानं बोंब झाली. संध्याकाळची वेळ त्यानं दुसरा गडी ठेवून त्याच्यावर सोपवली. गिऱ्हाइकं विचारायची, पावणं, तुमचं मालक कुठं हाईत? मालक घरी म्हातारीच्या मांडीखाली हात घालून ओल बघत असायचा. चुकायचाही. पहिले काही दिवस तो दर वेळी पांढरं मलम पार खरवडून काढायचा आणि आई कळवळायची. नजीरानं फोनवर झापलं, "मामा, मलम म्हणजे घाण न्हवं. वरचं मळलेलं तेवढं पुसा, खालचा थर ऱ्हाऊ द्या, त्येच्यावरच लावा." मग त्यानं इतकं जाड लिंपलं की डायपर ओल शोषेनाच. तेही कळलं. पातळ थर, सगळीकडं सारखा.

आधी पुटकुळ्या वाळल्या. सोललेल्या जागी नवी गुलाबी कातडी धरली, लाल रंग फिका झाला. आई पुन्हा पाणी प्यायला लागली, मग चहा मागायला लागली. दुपारी तो तिला चांगल्या कुशीवर वळवायचा, वरून पातळ लुगडं टाकायचा आणि परड्याकडचं दार उघडायचा. ऊन खाटेपर्यंत यायचं. अशाच एका दुपारी तो टिपत असताना तिनं स्वतःहून पदर बाजूला सारला आणि त्याच्याकडं बघितलं.

"तू ल्हान असताना तुझं ढुंगाण असंच लाल व्हायचं," ती म्हणाली. "लई रडायचास. म्या तुला ह्याच परड्यात उन्हात नागडा पालथा टाकायचो, आन लोणी लावायचो. तुझा बा म्हणायचा, इकायचं लोणी ह्येच्या ढुंगणाला!"

केरबा हसला, आणि आईही हसली. मोडक्या खुब्यामुळं हसताना तिला कळ आली, तरी हसत राहिली. त्या दिवसापासून पदर तोंडावर गेला नाही.

शालन आली ती नव्या गुळाचा रवा, अख्खी ढेपच घेऊन. आल्या आल्या तिनं पुरण घातलं. आईनं आवडीनं खाल्लं, शालननं आग्रहानं आणखी भरवलं. संध्याकाळपासून म्हातारीचं पोट बिघडलं. पातळ संडास, एकामागून एक. शालन घरात आहे म्हणून केरबा त्या संध्याकाळी स्वतः कट्ट्यावर गेला होता. तो परत आला तेव्हा शालननं खोलीचं दार लावून घेतलं होतं. आतून डेटॉलचा वास येत होता.

त्यानं दार ढकललं. शालन खाटेशी वाकली होती, एका हातात साबण, दुसऱ्यात पंचा. आईनं पट्टी धरली होती.

"शालन, थांब! घासू नगं."

"दादा, भाईर हो आधी! लाज न्हाय वाटत?" ती पदर सावरत ओरडली. "बाप्या माणसाचं काम हाय काय ह्ये? मी बाई हाय, मला नगं शिकवू. किती घाण झालीया बघ तरी!"

"अगं साबणानं सोलंल ती. आत्ता कुठं कातडं धरलंय."

"गल्लीत काय म्हणत्यात ठावं हाय तुला? धोंडुमावशी म्हणत हुती, केरबा आईला नागवी करून बघत बसतोय म्हणं. मला मान खाली घालाय लागली!"

केरबाचं तोंड उतरलं. हे गल्लीत बोललं जातं, हे त्याला माहीत नव्हतं. त्याचा पाय मागं सरला. बाहेर जाऊन गोठ्यात बसावं आणि पुन्हा या खोलीत येऊ नये, असं त्याला वाटलं.

"शालन," खाटेवरून आवाज आला. "सर बाजूला."

"आये, अगं…"

"सर म्हणतो न्हवं. केरबाला करू दे." बयाबाईला धाप लागली होती, तरी ती बोलली. "बघितल्याबिगर दुखलेलं कळत न्हाय, बाई. त्यो बघतोय म्हणून मला आता दुखत न्हाय. जा, धोंडीला सांग जा माझ्या नावानं."

शालन हातात साबण तशीच घेऊन भिंतीला टेकून उभी राहिली. केरबानं पातेलीत कोमट पाणी आणलं, मऊ कापड घेतलं. बहिणीच्या देखत हात लावताना एकदा त्याची मान आपोआप भिंतीकडं वळली, पण भिंतीवर आता कॅलेंडर नव्हतं. त्यानं मान परत फिरवली आणि कामाला लागला. थोड्या वेळानं शालन पुढं आली आणि तिनं मुकाट्यानं कोरडं कापड त्याच्या हातात दिलं. तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं.

पोट दोन-तीन दिवसांत थांबलं. पुन्हा लाली आली होती, पण साल निघाली नाही. शालन राहिली तेवढे दिवस दोघं मिळून करायची. जाताना ती शिकून गेली होती.

इथं थांबता आलं असतं तर बरं झालं असतं. पण कातडी बरी होत होती, माणूस नाही. होळीच्या सुमाराला म्हातारीच्या पायांवर सूज चढली, श्वास छातीत घरघरायला लागला. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलंय, दवाखान्यात नेऊन नळ्या घालायच्या तर घालू. आई म्हणाली, "मला इथनं हलवू नगंस. तिथं कोण बघंल?" म्हणजे काय ते केरबाला समजलं. तिथं त्याला आत सोडलं नसतं.

एका सकाळी सगळ्या धारा काढून तो कोमट पाणी घेऊन आला तेव्हा ती गेली होती. तोंड उघडं होतं, पदर खांद्यावर. पाणी निवेपर्यंत केरबा तिचा हात धरून बसला. मग सवयीनं त्यानं हात घालून बघितलं. ओलं होतं. त्यानं पाणी परत गरम केलं, पुसलं, टिपलं, घडी उघडून टिपलं. झिंकचं मलम उघडलं, बोट बुडवलं, आणि मग त्याला कळलं की आता याची गरज नाही. तरी त्यानं पातळ थर लावला. त्यानंतरच त्यानं शालनला फोन केला.

दुपारी परड्यात आंघोळीची तयारी झाली. चार बायकांनी चार बाजूंनी लुगडी धरून आडोसा केला. मध्ये पाटावर बयाबाई. गल्लीतली सगळी माणसं दारात उभी होती. केरबानंच आईला खांद्याकडून धरून तिथवर उचलून आणलं होतं. तो आडोशाच्या आत शिरायला लागला तशी धोंडुमावशीनं त्याच्या छातीला हात लावला. मयताची सगळी व्यवस्था नेहमी तीच करायची.

"केरबा, भाईर. ह्ये बायकांचं काम हाय. लेकानं बघू न्हाई."

"मी रोजच…"

"आता न्हाई. तोंड तिकडं कर बघू."

रीत रीतच असते. तिच्याशी कोण भांडणार? दोघा चुलत भावांनी त्याला धरून गोठ्याच्या भिंतीपाशी उभं केलं. केरबा भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. भिंतीवर वाळायला थापलेल्या शेण्या होत्या. मागं तांब्यानं पाणी पडल्याचा आवाज आला. मग कापड अंगावर ओढल्याचा आवाज आला, खस, खस.

त्याला तो आवाज माहीत होता.

"घासू नगासा!" तो भिंतीकडं बघतच ओरडला. "मावशी, साबण लावू नगासा तिला. कोमट हाय न्हवं पाणी? टिपून घ्या. नुसतं दाबायचं आन उचलायचं. जांघंत पाणी ऱ्हातंय, तिथं बघा जरा…"

चुलत भावानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. कुणीतरी हळूच म्हणालं, आता काय दुखतंय तिला, केरबा. त्यानं ते ऐकलं नाही. तो कान देऊन उभा होता.

खसखस थांबली. आडोशाआड बायका आपसांत काही कुजबुजल्या. मग धोंडुमावशीचा आवाज आला, घोगरा झालेला. "व्हय रं बाळ. टिपूनच घेतोय."

पाठोपाठ शालन बोलली.

"दादा, मी बघितलं. कुठंच लाल न्हाय."

केरबानं मान हलवली आणि भिंतीला कपाळ टेकलं. आता आत कुणीतरी त्याच्या आईकडं नीट बघत होतं, आणि त्याला मागं वळायची गरज नव्हती.